दिवसभराचा उपवास आणि पहिला घास

*आई गेली त्याला वर्ष होत आलं. ती जन्मभर सोमवार करायची; तिच्यामागे मी तो धरला. दिवेलागणीला ती देवापुढे ताट ठेवायची, ताटाभोवती पाणी फिरवायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची आणि मगच उपवास सोडायची. काय पुटपुटते ते मी कधी विचारलं नाही. आता शोधायला गेलो तर प्रत्येक पुस्तकात मंत्राचा क्रम वेगळा. ऑफिसातून घरी यायला मला पावणेनऊ होतात, म्हणजे तिची वेळही टळलेली असते. त्यात एक नातेवाईक म्हणाले की शंकराचा नैवेद्य खायचाच नसतो. मागचे दोन सोमवार नुसता नमस्कार करून जेवायला बसलो, पण घास उतरेना. बायको म्हणते, देवाला शब्द लागत नाहीत. उपवास सोडताना नेमकं काय म्हणायचं? चुकलं तर आईचं व्रत मोडेल का? मला साखरेची गोळीही सुरू आहे.*
*– एक वाचक*

तुमच्या आई काय पुटपुटत असतील याचा अंदाज त्यांच्या हातांवरून बांधता येतो. ताटाभोवती पाणी, मिटलेले डोळे, मग पहिला घास हा नैवेद्य दाखवण्याचा क्रम आहे. म्हणजे तुम्ही ज्याला उपवास सोडण्याचा मंत्र समजून शोधताय, ते देवाला जेवू घालण्याचे शब्द असावेत. साप्ताहिक उपवास सोडण्याचा असा एकच, वेगळा, सगळ्यांना लागू होणारा मंत्र नाही. देव आधी जेवतो, त्याच्या मागोमाग आपण जेवतो आणि त्यात आपला उपवास सुटतो. तुम्हाला तो मंत्र सापडला नाही याचं कारण हेच, तुमचं शोधणं कमी पडलेलं नाही.

नैवेद्याचे शब्द पाच प्राणांचे आहेत. प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा आणि शेवटी ब्रह्मणे स्वाहा. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच क्रम चालतो. पण छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात, जिथे या पाच आहुतींचं सविस्तर वर्णन आहे, तिथे क्रम प्राण, व्यान, अपान, समान, उदान असा आहे. पुस्तकागणिक फरक दिसला म्हणून तुम्ही घाबरलात, पण हा फरक छापणाऱ्याच्या चुकीचा नाही, परंपरांचा आहे आणि फार जुना आहे. एक क्रम निवडा आणि तोच ठेवा. घरचा क्रम कुणाला आठवत असेल तर अर्थातच तो.

त्या उपनिषदात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाते. जेवायला बसल्यावर जे अन्न पहिल्यांदा समोर येतं ते होमाचं, असं तिथे म्हटलं आहे. पहिली आहुती प्राणाला. प्राण तृप्त झाला की डोळा तृप्त होतो, डोळा तृप्त झाला की सूर्य, आणि असं करत करत ती तृप्ती जेवणाऱ्याच्या ताटापासून आकाशापर्यंत पोचते. म्हणजे हे शब्द मुळात माणसाच्या स्वतःच्या जेवणाचे आहेत. देवाला नैवेद्य दाखवताना आपण तेच म्हणतो, कारण त्याला आपण आपल्यासारखाच भुकेला पाहुणा मानतो. सोमवारी संध्याकाळी हे शब्द दोनदा येतात, एकदा त्याच्या ताटाशी आणि एकदा तुमच्या. या दोन वेळांच्या मधल्या जागेत उपवास सुटतो.

आता तुमच्या पत्नी म्हणतात त्याकडे येऊ. देवाला शब्द लागत नाहीत हे मला मान्य आहे. पण मागचे दोन सोमवार घास तुमच्या घशाखाली उतरला नाही, देवाच्या नव्हे. दिवसभर काही न खाता राहिलेल्या माणसाला आता हे संपलं, आता जेवायची मोकळीक आहे, असं कुणीतरी सांगावं लागतं. ते काम शब्द करतात. आणि ते पूर्ण व्हायला सकाळी काहीतरी सुरू झालेलं असावं लागतं. मला एक विचारायचं आहे. सोमवारी सकाळी तुम्ही संकल्प करता का? तुमच्या पत्रात संध्याकाळ आहे, सकाळ कुठेच नाही. माझ्या मते खरी गाठ इथे आहे. जो उपवास शब्दाने धरलेला नाही, तो शब्दाने सोडायला गेलं की अडखळायला होतंच.

सकाळी आंघोळ झाल्यावर देवापुढे उभं राहून उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्यावं आणि म्हणावं, ‘श्रीसांबसदाशिवप्रीत्यर्थं सोमवारव्रतं करिष्ये’. ‘सांब’ म्हणजे अंबेसहित, पार्वतीसह असलेला शंकर. संस्कृत जिभेवर बसत नसेल तर, ‘शंकरा, आज तुझ्यासाठी उपवास करतो आहे, रात्री तुला नैवेद्य दाखवून मग जेवीन,’ एवढं मराठीत पुरे. पाणी ताम्हनात सोडावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ऑफिसची गाडी चुकणार नाही.

वेळेची चिंता मात्र तुम्ही सोडून द्या. आपल्या व्रतांच्या ग्रंथांत न जेवण्याचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. दिवसरात्र काहीच न खाणं हा उपवास, दिवसा एकदाच जेवणं हे एकभुक्त, आणि दिवसभर न जेवता रात्री जेवणं हे नक्त. तुमच्या आई करत होत्या ते नक्त. आपण बोलताना सगळ्यालाच उपवास म्हणतो म्हणून हा फरक पुसला गेला. गृहस्थाने नक्ताचं जेवण चांदण्या दिसायला लागल्यावर करावं, असं सांगितलेलं आहे. दिवेलागण ही त्याची सुरुवातीची बाजू. पावणेनऊला तर चांदण्या नक्कीच निघालेल्या असतात. आई सात वाजता जेवत कारण त्या घरी होत्या. तुमचं पावणेनऊ त्याच व्रतात बसतं.

गोळीचं मात्र गंभीरपणे घ्या. व्रत मोडत नाहीत अशा आठ गोष्टी एका जुन्या आणि फार प्रचलित श्लोकात मोजल्या आहेत. त्यात पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध आहे, गुरूचं वचन आहे आणि औषधही आहे. गोळी घेतल्याने सोमवार मोडत नाही, आणि गोळीसाठी दुपारी केळं खाल्लंत किंवा कपभर दूध घेतलंत तरी मोडत नाही. उलट सोमवार आहे म्हणून स्वतःच्या मनाने गोळी टाळू नका. साखरेच्या काही गोळ्या रिकाम्या पोटी रक्तातली साखर फार खाली आणतात. तुमची गोळी त्यातली आहे का, सोमवारी ती कधी आणि किती घ्यायची, हे पुढच्या सोमवारच्या आत डॉक्टरांना विचारून घ्या. उपवासात हात थरथरले, दरदरून घाम आला, डोक्यात काही सुचेनासं झालं तर त्याच क्षणी साखर किंवा गूळ तोंडात टाका, नैवेद्याची वाट पाहू नका. घरी पोचल्यावर देवापुढे बसून तो दिवस तिथेच पुरा करा.

शंकराच्या नैवेद्याबद्दल तुमचे नातेवाईक म्हणाले त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. लिंगावर वाहिलेली वस्तू ही शंकराचा गण चंडेश्वर याचा भाग मानतात आणि ती खात नाहीत. मात्र शिवपुराणात जिथे हा नियम येतो, तिथेच पुढे म्हटलं आहे की लिंगाच्या स्पर्शाबाहेर जे आहे ते शुद्ध आहे. बाण म्हणजे नर्मदेत मिळणारं गुळगुळीत दगडाचं लिंग, धातूचं लिंग, स्वयंभू लिंग आणि सगळ्या मूर्ती यांना तर चंडाचा अधिकारच लागू नाही, असंही त्यात सांगितलं आहे. म्हणून ताट पिंडीपुढे हातभर अंतरावर ठेवायचं. भाताचा कण पिंडीवर वाहायचा नाही. पिंडीवर पाणी, बेल, पांढरी फुलं. अंतरावरचं ताट घरात सगळ्यांनी प्रसाद म्हणून खावं. आई ताट पुढे ठेवून त्यातलंच जेवत असतील तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

आता तुमचा सोमवार सुरुवातीपासून मांडून दाखवते. तुम्ही पावणेनऊला घरी आलात. हातपाय धुवा, कपडे बदला, निरांजन लावा. नैवेद्यासाठी वेगळं पक्वान्न लागत नाही. घरात झालेला वरणभात, त्यावर तूप, पोळी, भाजी, कडेला दहीभात किंवा गुळाचा खडा असं पुरतं. दोन गोष्टी पाळा. त्या दिवशीच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नको आणि ताटात वाढण्याआधी कुणी चव घेतलेली नको. नैवेद्याच्या ताटात मीठ वाढत नाहीत.

देवापुढे जमिनीवर पाण्याने लहान चौकोन काढा आणि त्यावर ताट ठेवा. बेलाचं पान पाण्यात बुडवून अन्नावर थेंब शिंपडा. मग उजव्या हाताने ताटाभोवती पाणी फिरवा. इथे एक बारकावा आहे आणि तो रात्री उपवास सोडणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. सकाळच्या नैवेद्याला पाणी फिरवताना ‘सत्यं त्वर्तेन परिषिंचामि’ म्हणतात, म्हणजे सत्या, तुला मी ऋताने, सृष्टीच्या नियमाने, वेढतो. सूर्यास्तानंतर शब्द उलटतात आणि ‘ऋतं त्वा सत्येन परिषिंचामि’ होतं, ऋता, तुला सत्याने वेढतो. बहुतेक पुस्तकांत सकाळचंच रूप छापलेलं असतं, म्हणून रात्रीही तेच म्हटलं जातं.

मग डाव्या हाताने डोळे झाका. कुणी जेवत असताना टक लावून पाहू नये, एवढीच त्यामागची मर्यादा आहे. उजवा हात ताटाकडून देवाकडे घास भरवल्यासारखा न्या, प्रत्येक ‘स्वाहा’ला एकदा. सहा वेळा झालं की ‘मध्ये पानीयं समर्पयामि’ म्हणून पळीभर पाणी ताम्हनात सोडा, म्हणजे जेवताना मध्ये प्यायला पाणी दिलं. पुन्हा एकदा सहा स्वाहा. शेवटी हात धुवायला, चूळ भरायला म्हणून आणखी दोन-तीन पळ्या पाणी. त्यानंतर घाई करू नका. दोन मिनिटं शांत बसा, देवाला जेवायला वेळ द्या. दिवसभराचं जे काही सांगायचं असेल ते तेव्हा सांगावं. प्रार्थना म्हणून ‘नमः शिवाय’ अकरा वेळा म्हणा किंवा नुसतं बसा.

मग येतो तो शब्द, जो तुम्ही शोधत होता. तळहातावर पाणी घेऊन ‘अनेन सोमवारव्रतेन श्रीसांबसदाशिवः प्रीयताम्’ म्हणा आणि ते पाणी ताम्हनात सोडा. या व्रताने सदाशिव प्रसन्न होवो, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी तळहातावरून सोडलेल्या पाण्याने जे सुरू झालं, ते या पाण्याने पुरं झालं. जे करायचं ठरवलं ते केलं आणि ते आता माझं राहिलं नाही. इतर वारांच्या वाचकांनी वाराचं आणि देवाचं नाव बदलून हेच म्हणावं. मंगळवार असेल तर ‘श्रीगणेशः प्रीयताम्’, गुरुवारी ‘श्रीदत्तात्रेयः प्रीयताम्’, शुक्रवारी ‘श्रीमहालक्ष्मीः प्रीयताम्’, शनिवारी मारुतीचा उपवास असेल तर ‘श्रीहनुमान् प्रीयताम्’. गणपतीच्या ताटावर बेलाच्या जागी दूर्वा घ्या, तुळस नको.

आता तुमचं ताट. हातावर पाणी घेऊन ‘अमृतोपस्तरणमसि स्वाहा’ म्हणून प्या. अमृता, तू अंथरूण आहेस. मग देवापुढच्या ताटातल्या भाताची पाच लहान शितं, प्राणापासून समानापर्यंत एकेका नावाने, दातांना न लावता गिळा. दिवसभर कोरड्या राहिलेल्या घशाला आणि पोटाला अशी सुरुवात मानवतेही, अधाशासारखं जेवलं जात नाही. मग पोटभर जेवा. शेवटचं पाणी पिताना ‘अमृतापिधानमसि स्वाहा’. अमृता, तू पांघरूण आहेस. खाली पाणी अंथरलेलं, वर पाणी पांघरलेलं आणि मध्ये अन्न. मला हे दोन शब्द फार आवडतात आणि उपवास नसलेल्या दिवशीही मी ते म्हणते.

एखाद्या सोमवारी घरी पोचणंच झालं नाही, डबा गाडीत किंवा ऑफिसातच खावा लागला, तर ताट, पळी, ताम्हन काहीच नसेल. डबा उघडा, पहिला घास हातात धरून मनात देवाला म्हणा, ‘आधी तू घे.’ क्षणभर थांबा आणि तोच घास खा. ‘प्रीयताम्’चं वाक्य मनात म्हणा.

हे सगळं सांगितलं तरी तुमच्या आई हेच म्हणत असतील असं मी म्हणणार नाही. पुष्कळ घरांत बायकांना हे मंत्र कुणी शिकवलेच नाहीत. माझ्या सासूबाईंचा गुरुवार असे. त्याही ताटाशी बसून पुटपुटत आणि लग्नानंतर चार वर्षं मी समजत होते की त्या काही मोठा मंत्र म्हणतात. एकदा उदबत्ती द्यायला मी अगदी जवळ गेले आणि कानावर पडलं, ‘जेव रे बाबा, दिवसभर माझ्याबरोबर उपाशी आहेस.’ तेवढंच. त्यापुढे दत्ताचं नाव. मी उदबत्ती हातात धरून तशीच उभी राहिले. त्या गेल्यावर गुरुवार माझ्याकडे आला. मी वर सांगितलेलं सगळं संस्कृत म्हणते आणि शेवटी त्यांचं वाक्यही म्हणते. ते वगळलं तर मलाही घास उतरत नाही.

म्हणून आईचं व्रत मोडेल का, या प्रश्नाशी मला थोडं थांबायचं आहे. त्यांचं व्रत त्यांनी प्रत्येक सोमवारी रात्री पुरं केलं. शेवटच्या सोमवारचंही. ते आता मोडण्यासारखं उरलेलंच नाही. तुम्ही धरलाय तो तुमचा सोमवार, त्यांच्याकडून आलेला. त्यांचे शब्द सापडले तर तुमच्या सोमवारात त्यांना जागा द्या. नाही सापडले तरी तुमचा सोमवार अपुरा नाही. छांदोग्यात त्या पाच आहुतींचा विषय संपतो तो एका उपमेवर. भुकेली मुलं आईभोवती बसतात, तसे सगळे जीव या अग्निहोत्राभोवती बसतात. तुमचं पत्र वाचताना मला ती ओळ आठवत होती.

शब्द शोधायचेच असतील तर पुस्तकांत नको, माणसांत शोधा. आईची बहीण, मामी, शेजारची जुनी मैत्रीण, आईसोबत देवापुढे बसलेलं कुणी असेल तर त्यांच्याकडे जा. पण ‘आई काय म्हणायची ते सांगा’ असं विचारू नका, बहुतेक जण ‘आता कुठलं आठवायला’ म्हणून हात झटकतात. त्यांच्यापुढे ताट ठेवा, पळी हातात द्या आणि ‘नैवेद्य दाखवा’ म्हणा. हात फिरायला लागला की मागून शब्द येतात. जवळ बसा, मध्ये बोलू नका, आणि जे ऐकू येईल ते घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा, चुकीच्या उच्चारासकट.

हे रविवारीच करा. येताना बेलाची पानं घेऊन या, कारण सोमवारी बेल तोडत नाहीत. रविवारी मिळाली नाहीत तर मागच्या सोमवारची वाहिलेली पानं धुऊन पुन्हा वाहा. बेल शिळा होत नाही.